उत्तर ३६, आणि पर्यायांत बसलेली तीन चुकीची उत्तरं

ॲप्टिट्यूड परीक्षेच्या सरावासाठी मी एक स्यूडोकोडचा प्रश्न काढला होता. दिसायला साधा, एकच लूप आणि तीन व्हेरिएबल. कोडिंग येणाऱ्यांनाही तो चुकला आणि न येणाऱ्यांपैकी काहींनी बरोबर सोडवला. त्यामुळे सगळ्यांची रफ पानं मागून घेतली आणि कोण कुठल्या ओळीवर घसरलं ते पाहिलं. प्रश्न असा होता:

```
Integer a, b, s
Set a = 2, b = 17, s = 0
while (a < b)
    a = a + 3
    if (a mod 2 == 0)
        continue
    end if
    b = b - a / 2
    s = s + b
end while
Print s + a
```

पर्याय होते २६, ३३, ३६ आणि ४३. बरोबर उत्तर ३६. उरलेले तीन आकडे मी अंदाजाने टाकलेले नव्हते. प्रत्येक आकडा एका ठरावीक गैरसमजातून निघतो. चांगला प्रश्न काढणारा पर्याय असेच निवडतो, आणि म्हणूनच 'माझं उत्तर पर्यायांत आहे, म्हणजे बरोबरच असणार' हा दिलासा या प्रकारच्या प्रश्नांत फसवा असतो.

आधी सरळ ड्राय रन करू, म्हणजे कोड ओळीओळीने कागदावर चालवून पाहू. सुरुवातीला `a` मध्ये 2, `b` मध्ये 17, `s` मध्ये 0. लूपच्या तोंडाशी अट तपासायची: `2 < 17`, खरं. आत शिरलो. पहिल्याच ओळीत `a` वाढून 5 होतो. इथून पुढे या फेरीत जिथे `a` दिसेल तिथे 5 वाचायचं, 2 आता संपला. 5 ला 2 ने भागल्यावर बाकी 1 उरते, म्हणून `if` लागू होत नाही. पुढची ओळ `b = b - a / 2`. भागाकार आधी, वजाबाकी नंतर. सगळे व्हेरिएबल `Integer` आहेत, म्हणून `5 / 2` म्हणजे 2; दशांशाचा भाग टाकून द्यायचा. `b` झाला 15. मग `s` मध्ये हा नवा `b` मिळवायचा: 15.

परत तोंडाशी. `5 < 15`, खरं. `a` होतो 8. सम संख्या आहे, म्हणून `continue`. म्हणजे या फेरीतल्या खालच्या ओळी सोडून थेट पुन्हा अटीकडे. `b` आणि `s` यांना हात लागत नाही.

`8 < 15`, खरं. `a` होतो 11, विषम. `11 / 2` म्हणजे 5, `b` होतो 10. `s` होतो 15 + 10 = 25. परत अट: `11 < 10`, खोटं. लूप संपला. `s + a` म्हणजे 25 + 11 = 36.

कागदावर हे असं दिसतं:

```
फेरी   अट            a    b    s
सुरू   -             2    17   0
1      2 < 17  खरं    5    15   15
2      5 < 15  खरं    8    15   15
3      8 < 15  खरं    11   10   25
       11 < 10 खोटं   (बाहेर)
```

सर्वांत जास्त जणांनी निवडलेला चुकीचा पर्याय २६ होता, आणि तो मला सगळ्यांत अभ्यासण्यासारखा वाटतो. तो निवडणाऱ्यांपैकी एका मुलीचं रफ पान अगदी नीटनेटकं होतं. पहिली फेरी बरोबर, दुसरी बरोबर, तिसरीत `a = 11` आणि `b = 10` हेही बरोबर. त्यापुढे तिने रेघ मारून 15 + 11 लिहिलं होतं. मी विचारलं, "तिसऱ्या फेरीत `s` बदलला का नाही?"

"सर, `b` 10 झाला ना. मग 11 हा 10 पेक्षा लहान नाही. अट मोडली, म्हणून तिथेच थांबले."

"अट कुठे लिहिली आहे?"

"वर."

"आणि तू कुठे होतीस?"

तिने बोट ठेवलं `b = b - a / 2` या ओळीवर, आणि स्वतःच म्हणाली, "म्हणजे खालची ओळ करूनच वर जायचं."

`while` ची अट ही सतत पहारा देत नाही. ती तपासली जाते ती फक्त लूपच्या तोंडाशी, प्रत्येक फेरीच्या आधी एकदा. फेरीच्या मध्यात ती खोटी झाली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. लूपच्या अंगातल्या, म्हणजे आतल्या, उरलेल्या ओळी चालूनच संपतात. इंग्रजीत `while` म्हणजे 'जोपर्यंत' असं आपण शिकतो आणि 'जोपर्यंत' ऐकलं की अट मोडताक्षणी काम थांबेल असं वाटतं. लूपमध्ये तसं होत नाही. प्रश्न काढणाऱ्याला हा सापळा लावायचा असेल तर तो अटीतला व्हेरिएबल अंगाच्या मध्यभागी बदलतो आणि त्याच्याखाली आणखी एक हिशेब ठेवतो. या प्रश्नात `s = s + b` ही ओळ शेवटी ठेवली आहे ती त्यासाठीच. अशी रचना दिसली की समजावं, शेवटच्या फेरीत गंमत आहे.

४३ निवडणाऱ्यांची गोष्ट `continue` भोवती आहे. त्यांनी तो शब्द रोजच्या अर्थाने घेतला: चालू ठेवा, म्हणजे पुढच्या ओळीवर जा. मग दुसऱ्या फेरीत `a = 8` असतानाही त्यांनी `b` मधून 4 वजा केले, `b` झाला 11, `s` झाला 26. तिसऱ्या फेरीत `8 < 11` खरं, `a = 11`, `b = 6`, `s = 32`, आणि उत्तर 32 + 11 = 43. आकडेमोड निर्दोष, फक्त जी फेरी रिकामी जायला हवी होती तीही हिशेबात धरली गेली. उलट बाजूने काहींनी `continue` ला `break` समजून लूपच सोडला. त्यांच्याकडे `s = 15`, `a = 8`, म्हणजे २३ आलं. ते पर्यायांत नव्हतं, म्हणून ते मागे वळले आणि त्यांतल्या बहुतेकांनी चूक शोधून काढली. २३ वाल्यांचं नशीब ४३ वाल्यांपेक्षा चांगलं होतं, असंच म्हणावं लागेल.

३३ येतं ते राउंड करण्यातून. `5 / 2` म्हणजे 2.5, ते जवळच्या पूर्णांकात 3. `11 / 2` म्हणजे 5.5, ते 6. मग `b` 14 होतो, पुढे 8 होतो, `s` 22 होतो, उत्तर 33. गणिताच्या पुस्तकात शिकलेली सवय इथे आड येते. `Integer` लिहिलेलं असेल तर भागाकाराचा दशांश कापला जातो, वर ओढला जात नाही, 5.9 असता तरी 5 च. ऋण संख्या आली तर मात्र थोडं जपून. सी आणि जावामध्ये `-7 / 2` चं उत्तर -3 येतं, कारण तिथे शून्याच्या दिशेने कापतात. पायथनमध्ये `-7 // 2` चं उत्तर -4 येतं, कारण तिथे खालच्या पूर्णांकाकडे जातात. स्यूडोकोड कुठल्याच भाषेचा नसतो, म्हणून शहाणा प्रश्नकर्ता ऋण संख्येचा भागाकार टाळतो. मीही टाळतो. तरी तसा प्रश्न समोर आलाच आणि वर सूचना नसतील, तर बाकीचा कोड कोणत्या भाषेच्या वळणाचा आहे ते बघून त्या भाषेचा नियम लावावा.

एकाचं उत्तर १४ होतं. त्याने `b - a` आधी केलं आणि मग 2 ने भागलं. कंस नसताना भागाकार आधी, एवढंच.

आता पानांच्या मांडणीबद्दल, कारण बरोबर उत्तरवाल्यांची पानं एकमेकांसारखी होती आणि चुकलेल्यांची प्रत्येकाची वेगळी. बरोबर सोडवणाऱ्यांनी प्रत्येक व्हेरिएबलला एक स्तंभ दिला होता आणि अटीला स्वतंत्र स्तंभ ठेवला होता. अटीच्या स्तंभात त्यांनी नुसती बरोबरची खूण केली नव्हती, तर त्या वेळचे आकडे घालून `8 < 15` असं पूर्ण लिहिलं होतं. हे लिहायला दोन सेकंद जातात, पण त्यामुळे अट फक्त ओळीच्या सुरुवातीलाच तपासली जाते, मध्येच नाही. २६ ची चूक या मांडणीत करणं जवळजवळ अशक्य आहे, कारण मध्येच अट लिहायला जागाच नसते.

दुसरी गोष्ट, ज्या फेरीत `continue` लागला तिचीही ओळ त्यांनी लिहिली होती. `b` आणि `s` बदलत नाहीत म्हणून अनेक जण ती फेरी मनातच करून टाकतात आणि थेट `a = 11` वर येतात. या प्रश्नात त्याने काही बिघडत नाही. कुठे बिघडतं ते पुढे येतं.

तिसरी गोष्ट जुन्या आकड्याची. काही जण एका चौकटीत `a` लिहून, तो खोडून, वर नवा लिहितात. तिसऱ्या फेरीपर्यंत ती चौकट वाचता येत नाही. त्यापेक्षा खाली नवी ओळ, आणि हिशेब करताना त्या स्तंभातला सगळ्यात खालचा आकडाच उचलायचा. `b = b - a / 2` करताना बोट `a` च्या स्तंभात खाली सरकतं आणि 5 वर थांबतं, 2 वर नाही. जुना `a` वापरला असता तर पहिल्या फेरीत 2 ऐवजी 1 वजा झाला असता.

उत्तर आल्यावर ते पडताळायला पुन्हा पूर्ण ड्राय रन करण्याची गरज नसते. या लूपमध्ये `a` दर फेरीला 3 ने वाढतो, कुठल्याही फेरीत अपवाद नाही. तीन फेऱ्या झाल्या असतील तर `a` 2 + 9 = 11 असायलाच हवा. `b` मधून वजा झाले 2 आणि 5, म्हणून 17 - 7 = 10. `s` म्हणजे विषम फेऱ्यांतल्या `b` ची बेरीज, 15 + 10. तिन्ही आकडे वेगळ्या वाटेने जुळले. ही पडताळणी अर्ध्या मिनिटात होते, आणि पूर्ण ड्राय रन दुसऱ्यांदा केला तर डोळे तीच चूक पुन्हा करतात.

वर्गात सगळ्यांना ३६ पटल्यावर मी फळ्यावर फक्त एक आकडा बदलला: `b = 18`. पहिल्या फेरीनंतर `b` 16, `s` 16. दुसरी फेरी रिकामी, `a = 8`. तिसरीत `a = 11`, `b = 11`, `s = 27`. आता अट `11 < 11`. समान आहेत, लहान नाही, म्हणून खोटं. उत्तर 27 + 11 = 38. इथे `<` च्या जागी `<=` असतं तर आणखी एक फेरी झाली असती, तिच्यात `a` 14 झाला असता आणि उत्तर 41 आलं असतं. अटीचं चिन्ह वाचताना घाई करणाऱ्यांचे गुण इथेच जातात.

मग `b = 19`. पहिल्या फेरीनंतर `b` 17, `s` 17, दुसरी रिकामी, तिसरीत `a = 11`, `b = 12`, `s = 29`. अट `11 < 12` खरी. चौथी फेरी सुरू होते, `a` होतो 14, सम, `continue`. अट `14 < 12` खोटी. लूप संपला तो रिकाम्या फेरीत. उत्तर 29 + 14 = 43. रिकाम्या फेऱ्या मनात करणारे इथे `a` 11 च धरून ४० वर थांबले, कारण चौथ्या फेरीत 'काही घडलंच नाही' असं त्यांना वाटलं. `b` आणि `s` साठी घडलं नव्हतं, पण छापायच्या ओळीत `a` होता.

17 ला ३६, 18 ला ३८, 19 ला ४३. पहिल्या दोनांत फरक 2 चा, नंतर 5 चा. `b` एकने वाढला की `s` मध्ये तो दोनदा मिळवला जातो, म्हणून 2. आणि 19 ला एक जादा फेरी लागून `a` मध्ये 3 पडले. मला हा तक्ता आवडतो, कारण लूप नेमका कुठे थांबतो याचा परिणाम तो उत्तरात उघड दाखवतो.

त्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "सर, `a = a + 3` ही ओळ `if` च्या खाली असती तर?" करून पाहिलं. `a` 2 आहे, सम आहे, `continue`. अट `2 < 17` खरी. `a` अजून 2, सम, `continue`. हा लूप कधीच संपत नाही. `while` मध्ये `continue` थेट अटीकडे नेतो, आणि `a` वाढवणारी ओळ त्याच्या खाली राहून जाते. सीसारख्या भाषेतल्या `for` मध्ये असं होत नाही. तिथे `continue` नंतरही काउंटर वाढतो आणि मगच अट तपासली जाते. अनंत लूप ओळखण्याची खूण तक्त्यातच मिळते. लूपमध्ये बाहेरून काही वाचलं जात नसेल आणि कुठल्याही दोन फेऱ्यांच्या ओळींत सगळे व्हेरिएबल तंतोतंत सारखे आले, तर तो लूप सुटणार नाही. मात्र एखादा व्हेरिएबलही वेगळा असेल तर ही खात्री देता येत नाही. वरच्या १७ च्या तक्त्यात `b` आणि `s` दोन ओळींत सारखेच होते, पण `a` हलत होता.

आणि फेऱ्या जास्त असतील तर? समजा `b = 170`. ओळ न् ओळ लिहीत बसलं तर वेळ संपेल, पण पहिल्या चार-पाच फेऱ्या लिहिल्याच पाहिजेत, कारण आकृतिबंध त्यांतूनच दिसतो. `a` एकाआड एक विषम होतो: 5, 11, 17, 23. त्यांचे अर्धे, दशांश कापून: 2, 5, 8, 11, दर वेळी 3 ने जास्त. म्हणून रिकाम्या फेऱ्या बाजूला ठेवून `b` चा स्तंभ भरभर उतरवता येतो:

```
a   5    11   17   23   29   35   41   47   53
b   168  163  155  144  130  113  93   70   44
```

शेवट जवळ आला की पुन्हा सावकाश. `a = 47`, `b = 70`: अट खरी. रिकामी फेरी, `a = 50`, अट `50 < 70` खरी. मग `a = 53`, त्याचे 26 वजा होऊन `b = 44`, आणि `53 < 44` खोटं. `b` च्या नऊ आकड्यांची बेरीज 1080, त्यात 53 मिळवून 1133. फेऱ्या 17 झाल्या, ते `a` वरूनही जुळतं: 2 + 51 = 53. मधल्या फेऱ्या आकृतिबंधाने उडवता येतात. शेवटच्या दोन-तीन मात्र अटीसकट लिहूनच काढाव्या लागतात, कारण या प्रश्नात 1133 ऐवजी 1136 लिहिणारा माणूस लूपच्या मधोमध चुकलेला नसतो, तो शेवटची अट न तपासता एक फेरी पुढे गेलेला असतो.